मदत हवी आहे: फर्मकडून मिळालेल्या ५ लाख ६० हजारांपैकी कर नेमका कशावर?

सांगलीकर_हार्डवेअर: आम्ही दोन भागीदार, निम्मे-निम्मे, दोघंही दुकानात काम करतो. २०२५-२६ मध्ये माझ्या भांडवल खात्यात पगार ४,२०,०००, व्याज ६०,००० (५ लाखांवर १२ टक्के) आणि नफ्याचा हिस्सा ८०,००० जमा झाला. फर्मने ४८,००० टीडीएस कापलाय. माझ्या रिटर्नमध्ये काय कुठे दाखवायचं?

मोरया७: नफ्याच्या हिश्श्यावर फर्मने ३० टक्के भरलेत, तो तुम्हाला करमुक्त. पगारातून ७५ हजार प्रमाणित वजावट घ्या आणि आयटीआर-१ भरून मोकळे व्हा.

खतावणी: पहिलं वाक्य बरोबर, पुढचं नाही. भागीदार हा फर्मचा नोकर नव्हे. त्याचा पगार आणि व्याज कलम २८ खाली धंद्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळे ७५ हजार मिळत नाहीत आणि फॉर्म आयटीआर-३ लागतो. हिस्सा कलम १०(२ए) खाली करमुक्त उत्पन्नात दाखवा. शेड्यूल आयएफमध्ये फर्मचा पॅन, हिश्श्याची टक्केवारी आणि ३१ मार्चचं भांडवल भरावं लागतं.

सांगलीकर, दोघांचे पगार वजा करण्याआधीचा, पण व्याज वजा केल्यानंतरचा नफा किती होता? आणि पगाराचा आकडा करारनाम्यात आहे ना? नसेल तर फर्मला पगाराची वजावटच मिळणार नाही.

सांगलीकर_हार्डवेअर: नफा बरोबर १० लाख. आकडा करारनाम्यात आहे.

खतावणी: मग इथेच मेख आहे. पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के म्हणजे ५,४०,०००, उरलेल्या ४ लाखांवर ६० टक्के म्हणजे २,४०,०००. दोघांना मिळून मर्यादा ७,८०,०००, आणि तुम्ही दिले ८,४०,०००. जास्तीच्या ६०,००० वर फर्म कर भरेल, म्हणून तुमच्या हातातले ३०,००० पुन्हा करात येत नाहीत. तुमचं करपात्र: पगार ३,९०,००० अधिक व्याज ६०,०००, एकूण ४,५०,०००. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर नव्या करप्रणालीत कर शून्य, ४८,००० परत.

कोकणातला_व्यापारी: मी महिन्याला ३० हजार उचलतो, पगार म्हणून काही जमा होत नाही. मलाही टीडीएस?

खतावणी: नाही. निव्वळ उचल म्हणजे तुमचंच भांडवल कमी होणं, ते उत्पन्न नाही. उलट, पगार खात्यात जमा झाला आणि उचलला नाही, तरी तो करपात्र. पगार आणि व्याज मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेलं की कलम १९४टी प्रमाणे १० टक्के कापायचे, जमा करतानाच.

सांगलीकर_हार्डवेअर: पण २६एएसमध्ये ४,८०,००० दिसतात आणि मी दाखवणार ४,५०,०००. नोटीस नाही का येणार?

मोरया७: पूर्ण ४,८०,००० दाखवून ३०,००० वेगळे वजा करा.

खतावणी: मी थेट ४,५०,००० दाखवेन आणि फर्मच्या आयटीआर-५ ची गणना जवळ ठेवेन. मोरया७ यांच्या पद्धतीने २६एएसशी आकडा जुळतो हे खरं, पण त्या वजावटीला कुठल्या रकान्यात बसवणार?

मोरया७: तेच बघतोय. फॉर्म उघडून सांगतो.