मदत हवी आहे: एकाच मालाचे चार पडते भाव, विक्रीचा भाव नक्की कशावर धरू?

लेबलवाला

मी लेबल प्रिंटर आयात करून डीलरना देतो. दोन ऑर्डरींच्या मध्ये डॉलर बराच वर गेला आणि आता एकाच नगाचे चार आकडे माझ्यासमोर आहेत. आकडे गोल केलेत, चलन आपापलं समजा.

नगाची किंमत 10 डॉलर, भाडं-विमा 1 डॉलर, या 11 डॉलरवर 10% ड्युटी, आणि क्लिअरिंग व इथली वाहतूक मिळून 90. आधीची ऑर्डर आली तेव्हा दर 100 होता, नग 1300 ला पडला. मी 1625 ला विकतो. त्यातले 300 नग अजून गोदामात आहेत.

नव्या ऑर्डरीचे 1000 नग आले. 30% आगाऊ रक्कम 102 ने गेली. उरलेले 70% आणि भाडं भरेपर्यंत दर 110 झाला. ड्युटी कस्टम्सच्या जाहीर दराने, म्हणजे 109 ने लागली. माझ्या शीटप्रमाणे नग 1396 ला पडतो. अकाउंटंट म्हणतात, पुस्तकात 1368 आहे. पुरवठादाराकडे पुढची ऑर्डर आज टाकली तर 1421 येतो.

प्रश्न दोन. अकाउंटंटचा आणि माझा आकडा का जुळत नाही? आणि भावाची यादी 1300, 1368, 1396, 1421 यांपैकी कशावर काढायची?

रोखठोक

एवढा विचार कशाला? दर 10% वाढला, भाव 10% वाढवा. 1625 चे 1785 करा आणि मोकळे व्हा. डीलर दोन दिवस कुरकुरतील.

जुनंखातं

मी उलट सांगेन. 1300 चा माल 1300 च्या हिशोबाने विका, तो संपला की नवा भाव. जुन्या मालावर नवा भाव लावला तर डीलरला कळतंच, कारण कार्टनवर बॅचची तारीख असते.

गोदीकाठ

आधी अकाउंटंटचं. ते बरोबर आहेत आणि तुम्हीही बरोबर आहात. आगाऊ दिलेले 3 डॉलर पुस्तकात 102 नेच बसतात, ते पुन्हा बदलत नाहीत. उरलेले 7 डॉलर मात्र माल ज्या दिवशी तुमच्या मालकीचा झाला त्या दिवसाच्या दराने बसतात. तुम्ही एफओबी घेत असाल तर तो जहाजावर चढला तो दिवस. तेव्हा दर 106 असावा. नंतर तुम्ही 110 ने पैसे भरलेत. मधला 4 चा फरक गुणिले 7 डॉलर, म्हणजे नगामागे 28, हा मालाच्या किमतीत न जाता 'विनिमय तोटा' म्हणून वेगळ्या खात्यात जातो. 1368 अधिक 28, झाले तुमचे 1396. दर विचारून बघा.

म्हणून 1368 वर यादी काढू नका. तो ताळेबंदाचा आकडा आहे. खिशातून 1396 गेलेत.

पण यादी 1396 वरही काढू नका, 1421 वर काढा. कारण तुमच्या जुन्या 300 नगांतच दिसतं. ते 1625 ने विकलेत तर 4,87,500 येतील आणि कागदावर नफा 97,500 दिसेल. तेच 300 नग परत भरायला 4,26,300 लागतील. हातात उरले 61,200. मधले 36,300 नफा म्हणून दिसतात, पण पुढच्या कंटेनरमध्ये जातात. जुना माल स्वस्तात विकणाऱ्यांचं भांडवल असंच हळूहळू आटतं. धंदा वाढलेला दिसतो आणि आगाऊ रक्कम भरायच्या वेळी ओव्हरड्राफ्ट लागतो.

रोखठोक, 10% सरसकट चालत नाही. 90 चा इथला खर्च डॉलरने हलत नाही, म्हणून पडता भाव 9.3% च वाढलाय. वरच्या 325 मधून भाडं, पगार, वॉरंटी निघते, त्यांनाही डॉलरशी देणंघेणं नाही. मी 1421 मध्ये तेच 325 मिळवून 1746 म्हणेन. टक्केवारी राखायची असेल तर 1776. स्पर्धा असेल तिथे मी आधी रक्कम राखतो, टक्केवारी नंतर बघतो.

रोखठोक

325 तेवढेच ठेवलेत आणि अडकलेलं भांडवल वाढलं, तर त्यावरचं व्याज कोण देणार?

गोदीकाठ

हे मात्र खरं. उधारी 60-90 दिवसांची असेल तर नगामागे व्याजाचे थोडे वाढवा. रोखीने विकत असाल तर सोडून द्या.

निळीशाई

माझं थोडं वेगळं आहे. मी युरोत घेते आणि सगळं ऑनलाइन विकते. लेबलवालांनी ऑनलाइनही विकलं तर एक गोष्ट बघा: कमिशन विक्रीभावावर लागतं. 15% असेल तर पडत्या भावातले 121 वसूल करायला भाव 142 ने वाढवावा लागतो. मी वर्षभर फक्त फरक तेवढाच चढवत होते.

बाय द वे, पुरवठादाराला आपल्याच चलनात बिल करायला सांगितलं तर हा त्रासच संपेल ना?

गोदीकाठ

संपत नाही, त्याच्याकडे जातो आणि तो किमतीत गादी घालून परत करतो. गादी किती ते तुम्हाला दिसत नाही.

लेबलवाला

28 चं कोडं सुटलं, फोन केला, दर 106 च धरलाय. 1746 पटतंय. पण डीलरना मी महिनाभराचे कोटेशन देऊन बसलोय. आणि दर आठवड्याला यादी बदलली तर कोणी माझ्याशी बोलणार नाही.

गोदीकाठ

दिलेलं कोटेशन पाळा. पुढच्यात मुदत 10-15 दिवसांची ठेवा आणि कोणता दर धरून भाव दिलाय ते खाली लिहा: 'दर 110 धरून. 2% पलीकडे हलल्यास फरक लागू.' आकडा लिहिलेला असला की वाद होत नाही.

यादी रोज बदलायची नाही. शीटमध्ये एका ओळीत 'आज ऑर्डर टाकली तर' हा आकडा ठेवा. ज्या आकड्यावर यादी छापलीय त्यापासून तो 3% हलला आणि दोन आठवडे तिथेच राहिला, तरच नवी यादी. एका दिवसाची उसळी सोडून द्यायची. 3 हा माझा आकडा, तुमचा नफा पातळ असेल तर 2 धरा.

आणि ऑर्डर देतानाच उरलेल्या 70% साठी बँकेकडून फॉरवर्ड घ्या. मग पुढे भरायचा दर आजच पक्का होतो, भाव त्यावर काढता येतो.

जुनंखातं

आणि उद्या दर परत 103 वर आला तर? आज भरलं तर 1336. तुमच्या हिशोबाने यादी 1661 वर आणायची, गोदामात माल 1396 चा. नगामागे 265 च उरतात. चढताना पुढच्या ऑर्डरीचा भाव आणि उतरताना खरेदीभाव, असं डीलरना कसं पटवणार?

गोदीकाठ

पटवता येत नाही. चढताना घेतलेले जास्तीचे पैसे बाजूला ठेवले असतील तर उतरताना ते वापरायचे. फॉरवर्ड घेतला असेल आणि शेजाऱ्याने नसेल, तर त्याचा माल स्वस्त पडतो, तेव्हा दुखतंच.

लेबलवाला

बाजूला ठेवलेले नाहीत, ते पुढच्या आगाऊ रकमेत गेलेत. 1746 ची यादी सोमवारी काढतो. उतरतानाही तोच 3% आणि दोन आठवड्यांचा नियम लावता का, की लवकर उतरवता?

रोखठोक

मी तरी स्पर्धकाने उतरवेपर्यंत थांबतो.

निळीशाई

ऑनलाइनला तेवढं थांबता येत नाही. दोन दिवसांत साइटवरच्या यादीच्या तळाशी जातो आपण.