कढीपत्त्यावरची अळी हिरवी होते, पण घाबरून नव्हे

पंचवटीकर (मूळ पोस्ट): निसर्ग प्रत्येक जीवाला गरजेप्रमाणे रंग देतो. कढीपत्त्यावरची अळीच बघा. लहान असते तेव्हा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि पक्षी मागे लागले की घाबरून पानासारखी हिरवी होते. जगायची इच्छा असली की शरीर वाट काढतं.

रानपाखरू: "घाबरून" हा शब्द वाचला आणि गप्प बसवेना. ही अळी जाळीचं झाकण लावलेल्या बरणीत वाढवा, जिथे पक्ष्याची सावलीही पडणार नाही. चौथ्यांदा कात टाकली की ती तिथेही हिरवीच निघते. म्हणजे भीतीचा संबंध नाही, वेळापत्रक अंगातच आहे. याच गोत्रातल्या पॅपिलिओ झुथस या फुलपाखराच्या अळीवर जपानमध्ये फुताहाशी आणि फुजिवारा यांनी 2008 साली ते उलगडून दाखवलं. चौथ्या अवस्थेच्या, म्हणजे चौथ्या कातेआधीच्या काळाच्या, सुरुवातीला ज्युव्हेनाईल हार्मोन हे अळीपण टिकवणारं द्रव्य कमी होतं आणि त्यामुळे पुढच्या कातेची नक्षी बदलते. नेमक्या त्या काळात हार्मोनसारखं रसायन बाहेरून लावलं, तर पाचव्या अवस्थेतली अळीसुद्धा काळी-पांढरीच राहते.

पक्षी अळीला काही शिकवत नाही, तो फक्त खातो. जिची नक्षी त्याला फसवते ती कोषापर्यंत पोचते आणि तिची अंडी पुढे जातात. इच्छेला यात जागाच नाही.

पंचवटीकर: बरं, घाबरून नसेल. पण हिरवा रंग पानातूनच येतो ना? जे खाल्लं तेच अंगावर दिसणार.

रानपाखरू: अर्धं बरोबर आहे. त्या हिरव्यात पिवळा आणि निळा असे दोन भाग असतात. पिवळा भाग पानातल्या कॅरोटिनॉइडचा. निळं द्रव्य मात्र अळी स्वतः बनवते आणि प्रथिनाला बांधून त्वचेत ठेवते. शिवाय चौथ्या अवस्थेतली अळी तीच पानं खाते, तरी हिरवी नसते. अन्नातून कच्चा माल मिळतो, तो कुठे आणि कधी भरायचा हे जनुकं ठरवतात.

सातपूर_४२: हे सगळं ऐकायला छान. पण नैसर्गिक निवडीचा पुरावा म्हणून शेवटी तुम्ही इंग्लंडचा काळा पतंगच दाखवणार, काजळलेल्या झाडांवर पक्ष्यांना दिसत नाही म्हणून टिकलेला, आणि तो प्रयोग खोटा होता. मेलेले पतंग खोडाला चिकटवून फोटो काढले होते. शाळेत अजून तेच शिकवतात याचा संताप येतो.

जीवशास्त्रवाली: फोटोंबद्दलचा आक्षेप खरा आहे. पण ते फोटो पुस्तकासाठी होते, मोजणीसाठी नव्हते. मोजणी सोडलेल्या जिवंत पतंगांची होती. हा प्रयोग करणाऱ्या केटलवेलने 1953 साली बर्मिंगहॅमच्या काजळी धरलेल्या रानात खूण केलेले पतंग सोडले. त्यातले काळे 27.5 टक्के पुन्हा सापडले, फिकट 13 टक्के. दोन वर्षांनी डॉर्सेटच्या स्वच्छ रानात आकडे उलटले, फिकट 12.5 आणि काळे 6.3. खोट्या प्रयोगात रान बदलल्यावर निकाल असा कसा उलटेल?

सातपूर_४२: पतंग दिवसा खोडावर बसतच नाहीत, आणि त्याने दिवसा, तेही दाटीने सोडले. यावर उत्तर द्या. आकडे फेकू नका.

जीवशास्त्रवाली: आकडे फेकलेले नाहीत, मांडलेत. दाटीचा आणि दिवसा सोडण्याचा मुद्दा मान्य. तो दोष काढण्यासाठीच मायकेल मजेरसने केंब्रिजमध्ये 2001 ते 2007 पुन्हा काम केलं. पतंग रात्री सोडले, संख्या विरळ ठेवली, बसायची जागा त्यांची त्यांना निवडू दिली आणि सकाळी पक्ष्यांवर नजर ठेवली. एकूण 4,864 पतंग. हवा स्वच्छ झालेली होती, आणि काळे जास्त खाल्ले गेले. नैसर्गिकरीत्या बसलेले पतंगही त्याने शोधले. निम्म्याहून जास्त फांद्यांवर होते, पण साधारण एक तृतीयांश खोडावरच होते. "बसतच नाहीत" हे चूक.

सातपूर_४२: ठीक. मजेरसचं काम नीट आहे. पण पाठ्यपुस्तकात ते का नाही? केटलवेलचेच फोटो का? हा माझा राग मी मागे घेत नाही.

निफाडचा बागाईतदार: पतंग राहू द्या. माझ्या लिंबाच्या रोपांची कोवळी पालवी हीच अळी संपवते. विष्ठेसारखी दिसते म्हणून मजूर बघूनही पुढे जातात. सापडायची कशी ते सांगा.

रानपाखरू: खाली शोधू नका, ती पानाच्या वरच्या बाजूला उघड्यावर बसते, कारण विष्ठा तिथेच पडते. आधी कडेने कुरतडलेलं कोवळं पान बघा, मग त्याच्या आसपासचं प्रत्येक "घाण" पान काडीने हळूच डिवचा. खरी विष्ठा हलत नाही. अळी डोक्यामागून दुभंगलेलं केशरी-तांबडं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास येतो. मोठी हिरवी अळी शिरेला किंवा देठाला लागून बसते. तिच्या अंगावरचे तपकिरी तिरके पट्टे आकार तोडतात, म्हणून नजर घसरते. पाल्याचा बहुतेक फडशा ही शेवटची अवस्थाच पाडते, तेव्हा शोध त्याआधी घ्या.

जीवशास्त्रवाली: बागाईतदारांनी नकळत मूळ प्रश्नाचं उत्तर दिलं. मजुराला फसवते ती पक्ष्यालाही फसवते. पण फसवणूक पूर्ण नसली तरी चालतं, हे लोकांच्या गळी उतरत नाही. समजा, एका नक्षीच्या शंभरातल्या 10 अळ्या कोषापर्यंत पोचतात, थोड्या बऱ्या नक्षीच्या 11. हजारात एक असलेली ही दुसरी नक्षी निम्म्यावर यायला सुमारे 72 पिढ्या लागतात. वर्षाला सहा पिढ्या धरल्या तर बारा वर्षं. एका अळीचा फरक डोळ्याला दिसत नाही, तरी साठत जातो.

सातपूर_४२: तुमचा हिशोब सोयीचा आहे. नवी नक्षी अप्रभावी असेल, म्हणजे तिचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तरच दिसणारी असेल, तर सुरुवातीला ती जवळजवळ दिसणारच नाही, मग पक्षी निवडणार काय? ते जनुकच हजारात एक असेल तर बहात्तरचे हजारो होतील.

जीवशास्त्रवाली: हो, ही दुरुस्ती बरोबर आहे. हिशोब प्रभावी किंवा सरळ वारशासाठीच. मी ते लिहायला हवं होतं.

पंचवटीकर: मग विष्ठेचं सोंग इतकं चांगलं चालतं तर ते सोडून हिरवं का व्हायचं?

रानपाखरू: मला आकार हेच कारण वाटतं. पहिल्या अवस्थांत अळी काही मिलिमीटरची, शेवटी चार सेंटिमीटरच्या आसपास. एवढी जाड, लांब विष्ठा टाकणारा लहान पक्षी नाही. पण "वाटतं" म्हणतोय. पाचवी अळी बसायची जागाही बदलते, आणि आकार खरा की जागा, हे वेगळं काढायला प्रयोगच हवा.

करून बघायचा तर कणीक, थोडं तेल, खायचे रंग. चार प्रकार करा: दीड सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या आणि हिरव्या, तशाच चार सेंटिमीटरच्या. प्रत्येकी पंचवीस, प्रत्येक झुडपावर एकच, सगळ्या वरच्या पानावर. विष्ठेच्या रूपातल्या वाकवून ठेवा, सरळ ठेवल्या तर पक्षी त्यांना अळी म्हणून ओळखतो. चोवीस तासांनी बघा. चोचीची खूण त्रिकोणी असते. मुंग्यांनी कुरतडलेली कड ओबडधोबड दिसते, ती मोजू नका. दुपारच्या उन्हात कणीक तडकते, म्हणून एप्रिल-मेमध्ये करू नका. एका झुडपावर दोन-तीन ठेवल्या की पक्षी पटकन शिकतात आणि निकाल बिघडतो.

निफाडचा बागाईतदार: शंभर झुडपं माझ्याकडे आहेत. पण मी फवारणी करतो, मग पक्षी येतील का?

रानपाखरू: पक्षी येतील, पण खऱ्या अळ्या संपल्या असतील तर तिथे अळी शोधायची त्यांची सवय मोडलेली असेल, आणि कणकेच्या अळ्याही कमी खाल्ल्या जातील. आधी पंधरा दिवस दोन ओळी फवारणीविना सोडा.

निफाडचा बागाईतदार: दोन नाही, एक ओळ सोडतो.