मदत हवी आहे: रेझ्युमेतला ६ पट परतावा आमच्या जागेसाठी कितपत धरावा?

नमस्कार मंडळी. आम्हाला पेड सर्चमधून नवे ग्राहक आणणारी व्यक्ती हवी आहे. नोकरीच्या जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलंय आणि महिन्याच्या बजेटचा आकडाही दिलाय.

एका उमेदवाराच्या रेझ्युमेत 'गूगल अ‍ॅड्सवर ६ पट परतावा' असं ठळक लिहिलंय. फोनवर विचारलं तेव्हा कळलं, की बराचसा खर्च कंपनीच्याच नावाच्या कीवर्डवर आणि रीमार्केटिंगवर होता. म्हणजे जे लोक आधीच ओळखत होते, तेच परत आले. तिथे परतावा मोठा दिसणारच. नवे ग्राहक किती आले आणि प्रत्येकामागे किती खर्च झाला, हे रेझ्युमेत कुठेच नाही.

बजेटचंही तसंच. हाताळलेली रक्कम आमच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकी, आणि तीही वर्षभराची की महिन्याची, लिहिलेलं नाही. खर्च वाढवला की नवा ग्राहक महाग पडत जातो, म्हणून मला ही धाकधूक जास्त आहे.

मुलगी मनापासून बोलते, उगाच नाकारायची नाही. ब्रँड आणि बिगर-ब्रँड आकडे वेगळे करून मागणं रास्त ठरेल का? की आमचंच बजेट देऊन पहिल्या महिन्याची वाटणी मांडायला सांगू? तुम्ही काय करता?