पट्ट्याची अडून बसलेली पिन : तुमचे अनुभव लिहा

बाबांचं घड्याळ भाच्याला द्यायचं ठरलं, आणि पट्टा त्याच्या मनगटावर बांगडीसारखा फिरायला लागला. लहानपणी बाबा पट्ट्याच्या कड्या काढायचे तेव्हा काडेपेटीत पिना सांभाळायचं काम माझ्याकडे असे, ते एकदम आठवलं. सहाच्या बाजूच्या दोन आणि बाराच्या बाजूची एक अशा तीन कड्या कमी करायच्या आहेत. आतल्या बाजूला बाण दिसतात, पण पहिलीच पिन तसूभरही हलत नाही. तुम्ही काय केलंत? धातूच्या पट्ट्याबद्दल जे असेल ते लिहा.

रानजाई : बाणाच्या दिशेने ढकलायची, बस्स. आणि नवीन जोडणी करताना त्याच दिशेने आत घालायची. कुकर लावलाय, नंतर येते.

खटपट्या : रानजाईताई, पहिलं अगदी बरोबर, दुसरं उलटं. काढताना बाणाच्या दिशेने, घालताना बाणाच्या विरुद्ध. चिरलेली पिन असेल तर तिचं एक टोक फाकलेलं आणि जरा जाड असतं, तेच तिला धरून ठेवतं. बाहेर येताना ते टोक आधी येतं, आत जाताना शेवटी जातं. उलट घातली तर फाकलेलं टोक वाटेतच दाबलं जातं आणि पकड जाते.
धागाकर्ते, कडीच्या दोन्ही कडा भिंगाखाली बघा. एकीकडे पिनेच्या टोकावर केसासारखी रेघ आहे का?

धागाकर्ता : हो! एका कडेला रेघ, दुसरीकडे नुसता भरीव ठिपका. बाण रेघेकडे जातोय.

मीनाक्षी_क : रेघ आहे म्हणजे स्क्रू. पेचकस लावा, ठोकू नका!! माझ्या मिस्टरांच्या घड्याळात स्क्रूच होते.

खटपट्या : स्क्रूची खाच रुंद असते, पेचकसाचं पातं तिच्यात बसतं. ही नुसती चीर आहे. पण मीनाक्षीताईंचा मुद्दा महत्त्वाचा, कारण खरा स्क्रू ठोकला तर आटे गेलेच. शंका असेल तर आधी पेचकस हलकेच लावून बघावा.
इथे ठिपक्याकडून ढकला. बाण पुसलेले असले तरी हीच खूण चालते.

सुमतीआजी : माझा चामड्याचा पट्टा सैल झालाय. त्याला भोक कसं पाडायचं?

रानजाई : आजी, चामड्याला पंच मिळतो, गोल भोक पडतं. खिळ्याने पाडू नका, फाटत जातं. व्यनि करते.

धागाकर्ता : ठिपक्याकडून ढकलतोय. प्लास्टिकच्या फिरकीच्या हत्याराची सुई वाकली, पिन जागची हलली नाही.

खटपट्या : त्या सुया लांब आणि नाजूक, अडलेल्या पिनेपुढे त्या वाकणारच. सुरुवात आखूड, जाड दांड्याच्या पंचाने करा, टोक मात्र पिनेहून किंचित बारीक हवं. पिन साधारण १ मिमीची असेल तर ०.८ किंवा ०.९ मिमीचं. पट्टा खाचेच्या ठोकळ्यात उभा धरा, बाण खाली. पंच अगदी सरळ ठेवून छोट्या हातोडीने टकटक करा, जोराचा एक घाव नको. पिन थोडी बाहेर डोकावली की लांब सुई घ्या नाहीतर पकडीने ओढा.
त्याआधी पट्टा घड्याळापासून वेगळा करून कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, ब्रश फिरवा. बहुतेक वेळा घाम आणि मळ घट्ट बसलेला असतो. वाळल्यावर भोकात तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवा.

निळूभाऊ : आमच्या पट्ट्यात पिनेबरोबर मधल्या कडीतून इवलीशी नळी पडली. ती न घालता पिन बसवली तर बसली छान, पण दुसऱ्याच दिवशी पट्टा हातातून सुटला. पकड त्या नळीचीच असते. खाली पांढरा टॉवेल अंथरा.

मीनाक्षी_क : पडलेली नळी लोहचुंबकाने सापडते की.

निळूभाऊ : आमची नाही चिकटली. अन् यांत्रिक घड्याळ असेल तर त्याच्याजवळ चुंबक नकोच.

रानजाई : नळीवाल्या पिनेला दोन्ही टोकं सारखीच ना? मग दिशा कशाला पाळायची?

खटपट्या : काहींत नळी मध्ये असते, काहींत एका कडेला. कडेला असेल तर दिशेने फरक पडतो. मध्ये असताना बाण का देतात, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. मी बाणच पाळतो.

धागाकर्ता : निघाली! रात्रभर तेल, मग टकटक. आधी चिरलेलं टोक आलं, त्यावर काळा मळ. सहाच्या बाजूच्या दोन्ही कड्या काढून पट्टा जोडला. बाराच्या बाजूची पिन मात्र वाकडी झालेली दिसते, ती अजून अडून आहे.

निळूभाऊ : ती सोडून द्या, शेजारची कडी काढा. लांबी तेवढीच कमी होते.

रानजाई : आधी मनगटावर घालून बघा. करंगळी पट्ट्याखाली जाते का? जास्तच सैल असेल तर बक्कलातल्या छोट्या भोकांतही थोडं जमतं.

सुमतीआजी : भोक पाडलं ग रानजाई. छान बसतंय.