आगगाडीवेड्या भाच्याला पोस्टाच्या तिकिटांचा छंद: भेट काय द्यावी? (अनुभव धागा)

मुरारची मावशी
बहिणीचा मुलगा पुढच्या महिन्यात दहा वर्षांचा होतोय. आगगाड्यांचं भारी वेड, आपल्या ग्वाल्हेरच्या छोट्या लाइनचे फोटो वहीत चिकटवतो. त्याला तिकिटं जमवायला द्यावीत असं मनात आहे. पाचशे परदेशी तिकिटांचं तयार पाकीट आणि जाड अल्बम देऊ का? ज्यांच्या घरी हा छंद टिकला, त्यांनी अनुभव सांगा.

लष्करचे आजोबा
पाचशेचं पाकीट नको. मूल दोन दिवसांत सगळं देशवार लावून टाकतं आणि पुढे शोधायला काही राहत नाही. नातीला मी काळ्या पानांचं लहान स्टॉकबुक, चपट्या टोकांचा तिकिटांचा चिमटा आणि जुन्या पत्रांवरची, कागदासकट कापलेली मूठभर तिकिटं दिली. तिकीट सोडवणं तिने स्वतः केलं, आणि गोडी तिथेच लागली.

तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापायचं, म्हणजे दाते शाबूत राहतात. उथळ ताटलीत साधं पाणी घेऊन त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. तिकीट आपणहून सरकलं की ते तयार. ओढावं लागत असेल तर अजून थांबायचं. मागचा डिंक बोटाने हलकेच धुवायचा आणि तिकीट पांढऱ्या सुती कापडावर पालथं वाळवायचं. छापील वर्तमानपत्रावर ठेवलं तर शाई लागते. कडा वळायला लागल्या की जाड पुस्तकात रात्रभर दाबायचं. लाल किंवा रंगीत लिफाफ्यावरची तिकिटं वेगळ्या पाण्यात भिजवा, नाहीतर त्या लिफाफ्याचा रंग सगळ्यांना लागतो. काही नवी परदेशी तिकिटं स्टिकरसारखी असतात, ती पाण्यात सुटतच नाहीत. ती कागदासकटच नीट कापून ठेवा.

बाड्यावरचा
माझ्या भावाने फोटोच्या अल्बममध्ये ठेवली होती, चिकट पान आणि वर प्लास्टिक असतं ना, तसल्या. आजही छान दिसतात. आणि आजोबांच्या पेटीत ‘ग्वालियर’ छापलेली संस्थानी तिकिटं आहेत, ती लाखांची असणार. भाच्याला तसलंच एखादं द्या, म्हणजे पुढे त्याला उपयोग होईल.

लष्करचे आजोबा
छान दिसतात तोवर काढून घ्या. त्या पानाचा चिकटपणा तिकिटाच्या मागे मुरतो आणि पिवळे पट्टे पडतात. स्टॉकबुकात नुसती पट्टी असते, तिकीट तिच्यात सरकवायचं, चिकटवायचं काही नाही.

संस्थानी तिकिटांचं अर्धं बरोबर आहे. 1885 पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर आपल्या संस्थानाचं नाव छापलं जाई. काही प्रकार खरंच दुर्मिळ आहेत, पण साधी तिकिटं आजही स्वस्तात मिळतात, आणि खोटे छापही फिरतात. जाणकाराला दाखवल्याशिवाय किमतीचं बोलू नका. मुलाला ‘हे आपल्या गावचं’ म्हणून एक साधं तिकीट जरूर द्या.

शिंदेछावणीची ताई
माझी लेक भरतकाम करते. तिला आजीने छापील चित्राचा तयार संच न देता लाकडी फ्रेम, पांढरं सुती कापड आणि धाग्यांच्या चार लडी दिल्या. सहा पदरांतले दोनच काढून ओवायचे, एवढंच शिकवलं. संचातलं चित्र पुरं झालं की संपतं. हिचं अजून उशांच्या अभ्र्यांवर चालू आहे.

मुरारची मावशी
ताई, माझा प्रश्न तिकिटांचा होता, पण ‘पुरं झालं की संपतं’ हे इथेही लागू दिसतंय. आजोबा, आगगाड्यांपासून सुरुवात कशी करू?

लष्करचे आजोबा
दोनच नेमक्या गोष्टी शोधायला द्या. रेल्वेच्या शताब्दीचं 1953 चं दोन आण्यांचं तिकीट, आणि 1976 चा इंजिनांचा चार तिकिटांचा संच. चारांतली तीन तुम्ही द्या, चौथं त्याला शोधू द्या. पानावर जागा मोकळी दिसत राहिली की मूल नातेवाइकांना विचारतं, पत्रं लिहितं. वापरलेली, शिक्का असलेलीच द्या. कोऱ्या तिकिटांचा डिंक पावसाळ्यात पानाला चिकटतो. स्टॉकबुक आडवं रचू नका, उभं ठेवा.

थाटीपूरहून
पोस्टात दोनशे रुपये भरून फिलॅटेलीचं खातंही उघडता येतं, नवी तिकिटं घरी येतात. सहावी ते नववीच्या मुलांना 2017 पासून दीनदयाळ स्पर्श योजनेत शिष्यवृत्तीही आहे, वर्षाला 6000 रुपये. त्यासाठी असं खातं किंवा शाळेच्या फिलॅटेली क्लबचं सभासदत्व लागतं, शिवाय प्रश्नमंजूषा आणि प्रकल्पही असतो. भाचा अजून पाचवीत असेल, तेव्हा तयारीला वेळ आहे.

लष्करचे आजोबा
खात्याबद्दल मला शंका आहे. तिकिटं आपोआप घरी आली तर मूल शोधेल काय? निदान पहिलं वर्ष थांबावं असं वाटतं.

थाटीपूरहून
आमच्याकडे उलट झालं, लिफाफा आला की मुलगा उड्या मारतो. त्यातल्या माहितीपत्रकावरून पुस्तकं काढून वाचतो.

मुरारची मावशी
मग आधी स्टॉकबुक, चिमटा आणि माझ्याकडची जुनी पत्रं. खात्याचं त्याच्या आईला विचारते. चिमटा ग्वाल्हेरात कुठे मिळेल? आमच्या दुकानदाराने टोकदार, भुवयांचा दाखवला.

लष्करचे आजोबा
तो घेऊ नका, कागदाला भोकं पाडतो. टोक चपटं, गोल आणि आतून गुळगुळीत हवं.