मदत हवी आहे: चेहरा बदलल्यावर कान, कल्ले आणि कानशिले जुळत नाहीत

नमस्कार. आमच्या घरच्या एका समूहछायाचित्रात वडिलांचे डोळे मिटले आहेत, म्हणून त्याच वेळी काढलेल्या दुसऱ्या छायाचित्रातला त्यांचा चेहरा मी फोटोशॉपमध्ये लेयर मास्क वापरून बसवला. डोळे, नाक आणि ओठ नीट बसले. अडचण कडेला आहे.

दुसऱ्या छायाचित्रात त्यांची मान किंचित उजवीकडे वळलेली असल्यामुळे त्यांचा डावा कान अधिक दिसतो. नवा चेहरा ठेवून मूळ कान राखला, तर कानाची पाळी गालापासून सुटल्यासारखी वाटते. नवा कान घेतला, तर त्याच्या मागून जुन्या कानाची कड डोकावते. ती कड झाकण्यासाठी वेगळ्या रिकाम्या लेयरवर क्लोन स्टॅम्प `Current & Below` ठेवून मागची भिंत आधी भरून घेतली, तेव्हा डोक्याची बाह्यरेषा बरीच सुधारली.

कल्ला मात्र अजून चिकटवल्यासारखा दिसतो. मऊ ब्रशने मास्क केला की पांढरे केस धुरकट होतात आणि कठीण ब्रशने केला की कानशिलावर सरळ रेघ उमटते. दोन पिक्सेलच्या ब्रशने एकेक केस रंगवून पाहिला, पण मूळ छायाचित्रातील दाणा त्या केसांवर नसल्याने ते वेगळे उठून दिसतात.

तेव्हा कान आणि कल्ला एकाच तुकड्यात आणून जोड केसांच्या आत घ्यावा, की कान स्वतंत्र लेयरवर फिरवून बसवावा? आणि रंगवलेल्या केसांवर दाणा कोणत्या टप्प्यावर घालावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.