संस्थेच्या पानावर ‘केले’ लिहायचं की ‘केलं’?

सांजवात: आमच्या ग्रंथालयाच्या पानावर मी लिहिते आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवरही बहुतेक मीच. परवा ग्रंथालयाच्या पानावर टाकलं, ‘मंडळी, 12 ते 14 अभ्यासिका बंद बरं का! रंगकाम काढलंय.’ कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी ते काढायला लावलं. ‘केलं’, ‘काढलं’ ही रूपं अशुद्ध, संस्थेने ‘केले’च लिहावं, असं त्यांचं म्हणणं. खरंच अशुद्ध आहेत का?

शिरोरेखा: ज्येष्ठांचं बरोबर आहे. अनुस्वार बोलण्यात ठीक, लिहिताना ती चूकच. आज पानावर ‘बरं का’ चाललं, तर उद्या सही-शिक्क्याच्या पत्रातही येईल.

जुना मुद्रितशोधक: चूक नाही. साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांतच याची सोय आहे. पात्राच्या तोंडी किंवा अन्य कारणाने ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ अशी रचना असेल, तर उच्चाराप्रमाणे लिहून अनुस्वार द्यावा. एरवी ‘असे केले’. म्हणजे दोन्ही रूपं शुद्ध, जागा वेगळ्या. पानावरची पोस्ट ‘अन्य कारणा’त बसते की ‘एरवी’त, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

खरी चूक होते ती अर्धवट बदलण्यात. ‘वेळापत्रक बदललं असून नवीन वेळापत्रक लावण्यात आलेले आहे’, असं एकाच वाक्यात दोन सूर. किंवा सरसकट सगळ्या ‘ए’चा अनुस्वार केला जातो. ‘वेळापत्रक बदलले’चं ‘बदललं’ होतं, पण ‘नियम बदलले’ तसंच राहतं, कारण नियम पुल्लिंगी. ‘नवे पुस्तक’ म्हणजे ‘नवं पुस्तक’, पण ‘नवे सभासद’ नवेच. मोठ्याने वाचलं की कान लगेच पकडतो.

रानवाट: आमच्याकडे ‘पानी’, ‘लोनी’ म्हणतात. शाळेत त्यावरून फार बोलणी खाल्लीत. संस्थांनी बोलीत लिहावं या मताचा मी आहे.

जुना मुद्रितशोधक: @रानवाट, तुम्हाला बोलणी बसली हे वाईटच झालं. पण इथला प्रश्न बोलीचा नाही. ‘केलं’ हे प्रमाण मराठीचंच बोलतानाचं रूप आहे.

ओसरी: मित्रांच्या ग्रुपवर याच्या उलट होतं. सहलीचे पैसे गोळा करताना एकाने लिहिलं, ‘ज्यांनी रक्कम जमा केलेली नाही त्यांनी ती त्वरित जमा करावी, याची नोंद घ्यावी.’ रोज ‘अरे-तुरे’ करणारा माणूस ‘करावी’वर आला म्हणजे रागावलाय, असंच सगळ्यांना वाटलं. दोघांनी तर पैसे भरून ग्रुपच सोडला. ‘अरे, पैसे टाका ना’ म्हटलं असतं तर काम झालं असतं.

आणि ‘आपण’ जपून वापरा. आमच्या गृहसंस्थेच्या पानावर आलं, ‘मागील सभेत आपण वर्गणी वाढविण्याचे ठरविले.’ लिहिणाऱ्याच्या मनात ‘आपण सगळ्यांनी’ होतं. वाचणाऱ्यांना वाटलं, आदराने ‘तुम्ही’च म्हणताहेत. ‘ठरविले’ हे क्रियापद ‘आपण’प्रमाणे बदलतच नाही, त्यामुळे त्यातूनही उलगडा होईना. सभेला न आलेले चिडले. ‘सभेने ठरवले’ लिहायला हवं होतं.

सांजवात: मग माझी पोस्ट कशी हवी होती?

जुना मुद्रितशोधक: ज्येष्ठांनी बहुधा असं लिहिलं असतं : ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, रंगकाम हाती घेण्यात आलेले असल्याने अभ्यासिका बंद ठेवण्यात येत आहे.’ यात तीन ‘येणं’ आहेत आणि तारीख राहूनच गेली. तुमच्या पोस्टमध्ये तारीख आहे, पण पुस्तकांची देवघेव चालू आहे का, ते नाही. सभासद आधी तेच विचारणार. मी असं लिहीन :

‘रंगकामासाठी 12 ते 14 तारखेला अभ्यासिका बंद राहील. पुस्तकांची देवघेव नेहमीच्या वेळेत चालू राहील.’

‘राहील’ला ‘केले-केलं’चा प्रश्नच येत नाही. ‘मंडळी’ हवं तर ठेवा, ‘बरं का’ काढा.

शिरोरेखा: नियमांबद्दल माझी चूक झाली, मान्य. पण ‘करण्यात येईल’ला इतकं झोडपू नका. ‘उशिरा परत केलेल्या पुस्तकांवर दंड आकारण्यात येईल’ यात लिहिणारा कारकून बाजूला राहतो. ‘आम्ही दंड घेऊ’ लिहिलं की लोक खिडकीवर त्यालाच धरतात. दंड कार्यकारिणीने ठरवलेला असतो.

जुना मुद्रितशोधक: मग ‘कार्यकारिणीच्या निर्णयानुसार दंड आकारला जाईल’ असं लिहावं. कारकूनही वाचतो आणि निर्णय कुणाचा तेही कळतं.

शिरोरेखा: दंडापुरतं पटलं. ‘मंडळी’ मात्र नाही. माझ्या आईच्या वयाचे सभासद ती पोस्ट वाचतात, त्यांना ‘सभासदहो’ म्हणावं.

सांजवात: ‘राहील’वालं उद्या टाकते. ‘मंडळी’बद्दल कार्यकारिणीला विचारीन. तिथेही दोन तट पडतील, असं वाटतंय.